घटकाचं नाव तेच, प्रश्न मात्र तोच राहिला नाही

पहिलं सत्र संपलं आणि सुधारित अभ्यासक्रम दुसऱ्या सत्रापासून लागू झाला. भौतिकशास्त्राच्या प्रश्नपेढीचं काम माझ्याकडे होतं. पेढीत 340 प्रश्न होते. प्रत्येकाला सांकेतिक क्रमांक, घटकाचं नाव, उत्तर आणि आधीच्या परीक्षांतली आकडेवारी जोडलेली. वार्षिक परीक्षेआधी यातले कोणते ठेवायचे, कोणते बदलून घ्यायचे आणि कोणते निवृत्त करायचे हे ठरवायचं होतं. मी सांगणार आहे ते फक्त 'उष्मा' या घटकाबद्दल. 46 प्रश्नांचा हा घटक मला सगळ्यात सोपा वाटला होता आणि माझी सगळ्यात मोठी चूक त्यातच झाली.

चूक साधी होती. मी जुन्या आणि नव्या अभ्यासक्रमातली घटकांची नावं समोरासमोर मांडली. 'उष्मा' दोन्हीकडे होता. मग तक्त्यात त्या नावाची चाळणी लावली, 46 प्रश्न समोर आले आणि सगळ्यांपुढे 'ठेवावा' असं लिहून टाकलं. तासाभरात घटक संपला. तपासणीसाठी तक्ता आमच्या विभागातल्या ज्येष्ठ सरांकडे गेला. त्यांनी मधलाच एक प्रश्न काढला आणि विचारलं, "मॅडम, हा सोडवून पाहिलात का?"

तो प्रश्न `HT-031` होता. 0 °C तापमानाच्या 100 ग्रॅम बर्फात 80 °C तापमानाचं 100 ग्रॅम पाणी ओतलं, तर मिश्रणाचं अंतिम तापमान किती? पाणी 80 अंशांवरून शून्यावर येताना 8000 कॅलरी देतं. बर्फ वितळायला ग्रॅममागे 80 कॅलरी, म्हणजे नेमक्या 8000 कॅलरी लागतात. सगळा बर्फ वितळतो आणि तापमान 0 °C वरच राहतं. मला हा प्रश्न फार आवडायचा. सरासरी काढून 40 म्हणणारं मूल आणि बर्फ वितळायला उष्मा लागतो हे कळलेलं मूल यांच्यातला फरक तो एका ओळीत दाखवायचा.

पण नव्या अभ्यासक्रमात 'उष्मा' या नावाखाली विशिष्ट उष्माधारकता, म्हणजे एक ग्रॅम पदार्थ एका अंशाने तापवायला लागणारा उष्मा, आणि उष्मा विनिमयाचं तत्त्व एवढंच उरलं होतं. बर्फ वितळताना तापमान न वाढवता शोषला जाणारा अप्रकट उष्मा पुढच्या वर्षात गेला होता. शिवाय गणितं कॅलरीऐवजी ज्यूलमध्ये करायची होती. घटकाचं नाव जसंच्या तसं राहिलं होतं आणि त्याच्या पोटातला निम्मा भाग निघून गेला होता.

त्या दिवशी मी तक्ता पुसून पहिल्यापासून सुरुवात केली. आता नियम असा केला की कोणताही प्रश्न वाचून ठरवायचा नाही, तो कागदावर सोडवायचा आणि सोडवताना लागलेली प्रत्येक पायरी पुढच्या रकान्यात लिहायची. `HT-031` पुढे तीन पायऱ्या आल्या: पाण्याने गमावलेला उष्मा, बर्फ वितळायला लागणारा उष्मा, दोन्हींची तुलना. मग प्रत्येक पायरी नव्या अभ्यासक्रमातल्या कोणत्या अध्ययन निष्पत्तीत, म्हणजे शिकल्यावर मुलाला काय यायला हवं त्या अपेक्षेत, बसते ते शोधायचं. एक जरी पायरी कुठेच बसली नाही, तर प्रश्न आहे तसा ठेवता येत नाही. काम सावकाश झालं, एका प्रश्नाला पाच ते दहा मिनिटं लागली. पण घटकाच्या नावावरून जे दिसत नव्हतं ते पायऱ्यांवरून लगेच दिसायला लागलं.

एका जागी मात्र ही पद्धतही अपुरी पडली. एका प्रश्नात 'ज्यूल प्रति किलोग्रॅम प्रति अंश सेल्सिअस हे कशाचं एकक?' असं विचारलं होतं. उत्तर विशिष्ट उष्माधारकता. एकच पायरी, नव्या अभ्यासक्रमात चोख बसणारी. मी तो 'ठेवावा' मध्ये टाकला. दुसऱ्या फेरीत चुकीचे पर्याय वाचले तेव्हा लक्षात आलं की त्यातला एक 'अप्रकट उष्मा' होता. हा शब्द या मुलांनी वर्गात ऐकलेलाच नसणार. काही मुलं तो शिकवलेला नाही म्हणून बाजूला सारतील आणि त्यांच्यापुढे तीनच पर्याय उरतील. काही जण अनोळखी शब्द पाहून गोंधळतील. दोन्ही वेळेला प्रश्न मोजायचं ते मोजत नाही. बरोबर उत्तराच्या वाटेवरच्या पायऱ्या लिहिताना चुकीच्या पर्यायांकडे लक्षच जात नाही, म्हणून पर्यायांसाठी मी वेगळी फेरी केली. त्या एका फेरीत सात प्रश्न 'ठेवावा' मधून 'बदलावा' मध्ये गेले.

आता `HT-031` चं काय करायचं? तो टाकून द्यायला मन होईना, म्हणून बर्फ काढून मी पाणीच ठेवलं. 80 °C चं 200 ग्रॅम आणि 20 °C चं 100 ग्रॅम पाणी मिसळलं, तर अंतिम तापमान किती? उत्तर 60. वस्तुमानाकडे न बघता सरासरी काढणाऱ्यासाठी 50, वस्तुमानं उलटी घेणाऱ्यासाठी 40. पर्याय छान जमले होते आणि मी खूश होते. सरांनी तो सोडवला आणि विचारलं, "यात विशिष्ट उष्माधारकता कुठे वापरली?" मी पुन्हा पायऱ्या मांडल्या. दोन्ही बाजूंना पाणीच असल्यामुळे ती समीकरणातून कटून जाते. प्रश्न चुकीचा नव्हता, पण ज्या निष्पत्तीपुढे मी त्याचा क्रमांक लिहिला होता तिची चाचणी तो घेत नव्हता. विशिष्ट उष्माधारकता हा शब्दही माहीत नसलेलं मूल भारित सरासरी काढून तो सोडवू शकत होतं.

तिसरा मसुदा असा झाला: 100 °C पर्यंत तापवलेला तांब्याचा तुकडा तेवढ्याच वस्तुमानाच्या 20 °C च्या पाण्यात टाकला. तांब्याची विशिष्ट उष्माधारकता 0.39 आणि पाण्याची 4.2 ज्यूल प्रति ग्रॅम प्रति अंश सेल्सिअस. बाहेर उष्मा जात नाही असं धरल्यास अंतिम तापमान कसं असेल? पर्याय चार: 60 च्या बरंच खाली, बरोबर 60, 60 च्या बरंच वर, वस्तुमान दिल्याशिवाय सांगता येणार नाही. गणित केलं तर ते 27 अंशांच्या जवळपास येतं, पण आकडेमोडीची गरजच नाही. पाण्याची उष्माधारकता तांब्याच्या जवळजवळ अकरा पट आहे, म्हणून पाणी थोडंच तापतं, हे कळलं की पुरे. चौथा पर्याय मला महत्त्वाचा वाटला, कारण वस्तुमानं समान असली की ती कटतात हे ज्याला उमगलं नाही ते मूल नेमकं तिथे जातं. जुन्या प्रश्नात मला जे आवडायचं ते इथे परत आलं होतं: सरासरीच्या सवयीवर बोट ठेवणं.

जुन्या `HT-031` ची आकडेवारी चांगली होती. 38 टक्के मुलांनी बरोबर सोडवलेला, आणि भेददर्शकता, म्हणजे हुशार आणि कच्च्या मुलांमधला फरक प्रश्न किती दाखवतो त्याचं माप, 0.42. ती नव्या मसुद्याला जोडावी असा एक सूर विभागात निघाला, कारण मूळ प्रश्न तोच आहे. मी विरोध केला आणि अजूनही त्या मतावर ठाम आहे. ते आकडे बर्फाच्या प्रश्नाचे आहेत. मी एक कसोटी ठेवली: बदलानंतर मुलाला डोक्यात वेगळं काही करावं लागत असेल, तर तो नवा प्रश्न. शुद्धलेखन सुधारलं तर क्रमांक आणि आकडे तेच राहतात. कॅलरीचं ज्यूल केलं, की 1 ने गुणण्याऐवजी 4.2 ने गुणावं लागतं, म्हणून तो नवा. तांब्याच्या प्रश्नाला `HT-031C` हा क्रमांक दिला आणि आकडेवारीचा रकाना कोरा ठेवला.

निवृत्त म्हणजे पुसून टाकणं नव्हे, हे मध्येच अभ्यासक्रम बदलल्यामुळे नीट कळलं. पुन्हा परीक्षेला बसणाऱ्या मुलांची प्रश्नपत्रिका जुन्याच अभ्यासक्रमावर निघणार होती. त्यांच्यासाठी बर्फाचा `HT-031` पूर्ण वैध होता. म्हणून निर्णयाच्या रकान्याशेजारी 'कोणत्या तुकडीसाठी' आणि 'कधीपासून' असे दोन रकाने वाढवले. जुना प्रश्न वेगळ्या कप्प्यात गेला, कारणासह. अप्रकट उष्मा पुढच्या वर्षात गेल्यामुळे असे काही प्रश्न त्या वर्गाच्या पेढीत उपयोगी पडणार होतेच.

याच पद्धतीने इतर घटक तपासताना दोन गोष्टी हाती लागल्या. मापनाच्या घटकात एका प्रश्नाचं उत्तर किलोग्रॅम म्हणजे प्लॅटिनम-इरिडियमच्या दंडगोलाचं वस्तुमान असं होतं. 20 मे 2019 पासून किलोग्रॅमची व्याख्या प्लँकच्या स्थिरांकावरून केली जाते. हा प्रश्न अभ्यासक्रम बदलला नसता तरी बाद व्हायला हवा होता, आणि तो इतकी वर्षं पेढीत होता याचं मला वाईट वाटलं. दुसरी गोष्ट आनंदाची. विजेच्या घटकात 1000 वॅटच्या किटलीत 1 किलो पाणी 40 अंशांनी तापवायला किती वेळ लागेल असा प्रश्न होता. उत्तर 168 सेकंद. चाळणीत तो कधीच 'उष्मा' खाली आला नसता, पण त्याच्या पायऱ्यांमध्ये विशिष्ट उष्माधारकता होती. नव्या क्रमात वीज आधी आणि उष्मा नंतर शिकवायची होती, म्हणून घटक चाचणीत तो चालणार नव्हता, वार्षिक परीक्षेत चालणार होता. तशी नोंद केली.

शेवटी 46 पैकी 19 ठेवले, 15 बदलले, 12 निवृत्त केले. ठेवलेले आणि बदललेले 34 नव्या निष्पत्तींपुढे मांडल्यावर एक पोकळी दिसली. प्रयोगातल्या निरीक्षणांवरून आलेख वाचणं ही नवी निष्पत्ती होती आणि तिच्यापुढे एकही प्रश्न नव्हता. जुन्या प्रश्नांची ओढाताण करून ती भरायचा मोह टाळला आणि सहा प्रश्न नव्याने लिहिले.

वार्षिक परीक्षेला 112 मुलं बसली. `HT-031C` 51 जणांनी बरोबर सोडवला, 44 जणांनी 'बरोबर 60' निवडलं. एकूण गुणांनुसार वरच्या 30 मुलांपैकी 23 आणि खालच्या 30 पैकी 6 जणांचं उत्तर बरोबर होतं, म्हणजे भेददर्शकता 0.57. कोरा रकाना मी त्या संध्याकाळी भरला. त्याखाली टीप लिहिली: 'बरोबर 60' निवडणारी मुलं जवळजवळ चाळीस टक्के आहेत, पुढच्या वर्षी हा भाग शिकवताना आधी तांबं आणि पाण्याचा प्रयोग करून दाखवावा.