आमची वाटचाल : मालाचे खोके भिंतीवर चढवताना

आमच्या व्यवसायाची सुरुवात जुन्या बाटल्यांपासून झाली, पुढे त्यात काचेच्या बरण्या आल्या आणि आज आमच्याकडे येणारी बहुतेक मागणी लाकडी खोक्यांपासून बनवलेल्या भिंतीवरच्या फडताळांची असते. टाकाऊ खोके घासून, रंगवून भिंतीला ठोकणे हे काम कोणालाही जमण्यासारखे दिसते, आणि दिसायला ते तसे आहेही; आमची खरी मेहनत मात्र डोळ्यांना न दिसणाऱ्या भागात जाते.

बाटल्यांच्या काळात आम्ही मुख्यतः फुलदाण्या आणि शोभेच्या वस्तू करत होतो. बाटलीचे लेबल काढणे हे या कामातले पहिले पाऊल आहे आणि ते गोंदाच्या प्रकारावर अवलंबून असते. पाण्यात विरघळणाऱ्या गोंदाचे कागदी लेबल कोमट पाण्यात रात्रभर बुडवून ठेवले की सकाळी बोटाने सरकते. चिकटपट्टीसारख्या लेबलाला पाणी काहीच करत नाही, तिथे खाद्यतेल आणि खाण्याचा सोडा यांची लेपासारखी पेस्ट लावून थोडा वेळ ठेवावी लागते. पाणी कोमटच हवे, कारण थंड बाटलीवर उकळते पाणी ओतले तर काचेचा आतला थर आणि बाहेरचा थर वेगवेगळ्या वेगाने प्रसरण पावतात आणि बाटली तडकते.

बाटली धुतल्यावर काही वेळा काचेवर पांढुरकी झाक उरते. ती ओली असताना नाहीशी होते आणि वाळली की परत दिसते, त्यामुळे धुणाऱ्याला बाटली स्वच्छ झाल्यासारखी वाटते. ही झाक पाण्यातल्या क्षारांची असेल तर व्हिनेगरमध्ये रात्रभर ठेवल्यावर निघून जाते. त्यानंतरही वाळल्यावर ती तशीच दिसली, तर काचेचा पृष्ठभागच झिजलेला असतो आणि कितीही घासले तरी उपयोग होत नाही. अशी बाटली आम्ही बाजूला काढतो. रसायने किंवा कीटकनाशके भरलेली बाटली तर आम्ही घेतच नाही, मग ती दिसायला कितीही देखणी असो.

बाटल्या कापून पेले आणि मेणबत्तीची भांडी करून द्या, अशी मागणी आजही येते आणि ती आम्ही नाकारतो. बाटलीच्या काचेची जाडी सगळीकडे सारखी नसते, त्यामुळे रेघ मारून गरम-थंड पाण्याने तोडताना चीर अनेकदा रेघ सोडून पळते. रेघेवरच तुटली तरी कडेला सूक्ष्म चिरा आणि ताण शिल्लक राहतात. कड पाण्याखाली घासून गुळगुळीत केली तरी ते सगळे नाहीसे होतातच असे नाही, आणि मेणबत्तीची उष्णता लागली की अशी काच अचानक फुटू शकते. या निर्णयामुळे काही ग्राहक दुसरीकडे गेले, त्याला आमचा इलाज नाही.

बरण्या आमच्या कामात आल्या त्या आमच्याच कारखान्यातल्या सोयीमुळे. बरणीचे झाकण फळीच्या खालच्या बाजूला स्क्रूने बसवायचे आणि बरणी खालून फिरवून त्यात अडकवायची, ही कारागिरांची जुनी युक्ती आहे. आमचे खिळे आणि स्क्रू तसेच टांगलेले असत, आणि भेट देणारे लोक आमचा माल सोडून त्याच बरण्यांकडे पाहत. खोक्याच्या तळाला अशा बरण्या लावलेले फडताळ तिथूनच सुचले.

मात्र खोके हे मुळात टांगण्यासाठी बनवलेले नसते. ते एकावर एक रचण्यासाठी बनवलेले असते; रचताना वरचा सगळा भार कोपऱ्यांतल्या उभ्या काठ्यांमधून सरळ खाली जातो आणि बाजूच्या फळ्यांना फक्त माल आत धरून ठेवायचा असतो. तेच खोके आडवे करून भिंतीवर लावले की त्याचा तळ मागची बाजू होतो आणि बाजूच्या पातळ फळ्यांवर सामान येते. पूर्वी खिळ्यांना फळी जागेवर धरून ठेवण्याइतकेच काम होते, आता खालच्या फळीचा भार त्यांना सरळ बाहेर खेचू लागतो. गुळगुळीत खिळा अशा ओढीपुढे फार काळ टिकत नाही. लाकूड ऋतूप्रमाणे फुगते आणि आक्रसते, आणि दरवेळी खिळ्याची पकड थोडी सैल होते. खिळ्याचे डोके फळीच्या वर आलेले दिसले, तर ही सुरुवात झाली आहे असे समजावे.

आमच्याकडे शिवणकाम करणाऱ्या एका बाईंचे काम आले, त्यावरून आमची पद्धत नीट सांगता येईल. त्यांना आत कापडाच्या घड्या आणि खाली बटणांच्या बरण्या हव्या होत्या. त्यांची एकच अट होती : “अहो, बरणी एका हाताने उघडता आली पाहिजे, दुसऱ्या हातात माझं कापड असतं.”

खोके ५० सेंमी लांब, ३० सेंमी रुंद आणि तितकेच खोल होते. बरणीचा व्यास सुमारे ८ सेंमी. चार बरण्या लावल्या असत्या तर मधल्या जागा साडेतीन सेंमीच्या आसपास उरल्या असत्या आणि त्यात बोटे घालून बरणी फिरवता आली नसती. तीन लावल्यावर प्रत्येक बाजूला साधारण साडेसहा सेंमी जागा मिळाली. चौथी बरणी दिसायला छान भरगच्च वाटते, हे खरे, पण बाईंची अट आम्हाला त्याहून महत्त्वाची होती.

खोके निवडताना आम्ही आधी लाकूड पाहतो. परदेशातून माल घेऊन आलेल्या खोक्यांवर आयएसपीएम १५ या आंतरराष्ट्रीय मानकानुसार कणसाच्या चित्राचा शिक्का असतो. त्यावरची एचटी ही अक्षरे असे सांगतात की लाकूड गाभ्यापर्यंत ५६ अंश सेल्सियस तापमानाला सलग ३० मिनिटे तापवलेले आहे. एमबी असेल तर मिथाइल ब्रोमाइडची धुरी दिलेली असते आणि ते खोके आम्ही घरात लावण्यासाठी घेत नाही. एचटीचा शिक्का म्हणजे पुढे कधीच कीड लागणार नाही अशी हमी मात्र नव्हे. म्हणून प्रत्येक खोके आम्ही काही आठवडे काळ्या कागदावर ठेवतो. लाकूड पोखरणारी अळी आत जिवंत असेल, तर १ ते २ मिलिमीटरच्या छिद्रांखाली फिकट, पिठासारखी पूड पडते आणि ती काळ्या कागदावर लगेच नजरेत भरते. छिद्रे आहेत पण त्यांच्या कडा काळवंडलेल्या आहेत आणि पूड पडत नाही, अशा खोक्याची कीड बहुधा जुनी असते. तरी ते आम्ही आणखी काही काळ थांबवून ठेवतो.

बाईंचे खोके या परीक्षेत पास झाले. मग ते धुण्याच्या सोड्याच्या पाण्याने घासून सावलीत, मोकळ्या हवेत वाळवले, कारण कडक उन्हात पातळ फळ्या वाकतात. वर आलेले खिळे आधी काढले, नाहीतर घासताना पॉलिश पेपर त्यांच्यावर फाटतो, आणि मग ८०, १२० आणि १८० नंबरच्या पेपरने लाकडाच्या रेषांच्या दिशेने घासले. जुन्या छापील अक्षरांना हात लावला नाही. ग्राहकाला बहुतेक वेळा तीच हवी असतात.

यानंतर खरे काम सुरू झाले. चारही कोपऱ्यांत जुन्या बारीक काठ्यांऐवजी २५ मिलिमीटर चौरस काठ्या बसवल्या आणि फळ्या गोंद लावून स्क्रूंनी त्यांना जोडल्या. स्क्रूच्या आधी बारीक भोक पाडणे इथे फार आवश्यक आहे, कारण वाळलेली पातळ फळी टोकाजवळ चटकन उलते. खोक्याच्या आत, मागच्या बाजूला अगदी वर, एक आडवी टांगपट्टी बसवली आणि ती दोन्ही बाजूंना व वरच्या फळीला स्क्रूने बांधली. भिंतीवर एक तिरकी कापलेली पट्टी आणि खोक्याच्या पाठीवर तिला जुळणारी दुसरी, अशी जोडी असते. पाठीवरची पट्टी मागच्या पातळ फळ्यांतून आरपार टांगपट्टीतच घट्ट केली जाते. खोके वरून अलगद अडकते आणि भार जितका वाढेल तितका तिरका जोड अधिक घट्ट बसतो.

खालच्या फळीखाली २० मिलिमीटर जाडीची एक लांब पट्टी लावली, कारण झाकणाचा स्क्रू नुसत्या ९ मिलिमीटरच्या फळीत पुरेसा धरत नाही. प्रत्येक झाकणाला दोन स्क्रू लावले. एकच स्क्रू असला तर बरणीबरोबर झाकणही फिरत राहते. झाकणाचा पत्रा फार पातळ असल्याने स्क्रूखाली वॉशर घातला, नाहीतर भोक हळूहळू फाटते. झाकण निवडतानाही एक बारकावा आहे. पाव फेऱ्यात उघडणारे झाकण तीन-चार छोट्या दातांवर बरणी धरते आणि त्यातला एक जरी वाकला तरी बरणी एका बाजूला लोंबते. म्हणून आम्ही पूर्ण आट्यांचे झाकणच वापरतो. भोक पाडलेले झाकण हवाबंद राहत नाही आणि कापलेल्या कडेला गंजतेही, त्यामुळे या बरण्या खाण्याच्या वस्तूंसाठी आम्ही देत नाही.

बटणे हलकी असतात, पण फडताळ एकदा घरी गेले की त्यात काय भरले जाईल हे आपल्या हातात नसते. अर्ध्या लिटरची बरणी लोखंडी स्क्रूंनी भरली तर आतल्या मालाचेच वजन दीड किलोच्या आसपास जाते, म्हणून आम्ही काचेसकट प्रत्येक बरणी २ किलोची धरतो. तीन बरण्यांचे ६ किलो, आत-वर ठेवायचे सामान ६ किलो आणि खोक्याचे स्वतःचे ३ किलो मिळून १५ किलो होतात. चाचणीसाठी मात्र आम्ही त्यावर पाण्याचे कॅन ठेवून एकूण ३० किलोचा भार दिला आणि रात्रभर टांगून ठेवला. सकाळी तळाची फळी आणि बाजू यांच्या सांध्यात पॉलिश पेपरचा तुकडा सरकला नाही, तेव्हाच फडताळ पाठवायला काढले.

राहता राहिली भिंत, आणि ती आमच्या ताब्यात नसते. भिंतीतल्या स्क्रूची गिट्टी प्लास्टरमध्ये नव्हे, विटेत बसली पाहिजे, हे आम्ही सोबतच्या कागदावर ठळक लिहितो. ड्रिलमधून पांढरा किंवा राखाडी भुगा संपून विटेचा लाल भुगा येऊ लागेपर्यंतची खोली मोजायचीच नाही, असा साधा नियम त्यात असतो. भिंत पोकळ असेल तर आम्ही फडताळ विकत नाही. अशा ग्राहकांना आम्ही तीच खोकी जमिनीवर एकावर एक रचण्यासाठी देतो, तोंड वर ठेवून, म्हणजे भार पुन्हा कोपऱ्यांच्या काठ्यांवर जातो. दोनपेक्षा जास्त खोकी रचायची असतील तर सगळी आपसात बोल्टने जोडतो आणि सामान काढता यावे म्हणून पुढच्या बाजूची वरची फळी काढून देतो. बरण्या अर्थात त्यात टांगता येत नाहीत.