तीनची गोळी

"बाई, दिवसाला दोन गोळ्या, मग दुसरी दुपारी तीनलाच का? रात्री जेवून घेतली तर काय बिघडतं?"

बिघडतं. मी तसं करून पाहिलंय, म्हणून एकदाचं लिहून टाकते. सगळ्यांना दारात उभं राहून सांगायचा आता कंटाळा आला.

माझी गोळी हृदयामुळे छातीत येणाऱ्या कळेसाठीची, आयसोसॉर्बाइड मोनोनायट्रेट नावाच्या नायट्रेटची, 20 मिलिग्रॅमची. सकाळी आठला एक, दुपारी तीनला एक. पहिल्या आठवड्यात कपाळात असा ठणका लागायचा की वर्गातल्या मुलांचा गलबला बरा वाटावा. डॉक्टरांनी आधीच सांगितलं होतं, "डोकं दुखेल, पॅरासिटामॉल घ्या, दोनेक आठवड्यांत कमी होईल." ही गोळी रक्तवाहिन्या सैल करते. शिरा सैल झाल्या की हृदयाकडे परत येणारं रक्त कमी होतं आणि त्याचा भार हलका होतो. डोक्याच्या वाहिन्याही त्याच वेळी फुगतात, म्हणून ठणका.

तो कमी झाला, पण पुरता गेला नाही. दुपारच्या गोळीनंतर चार वाजता शिकवणीची मुलं यायची आणि माझं डोकं धरलेलं असायचं. मी गणिताची बाई. दिवसाचे तास चोवीस, गोळ्या दोन, म्हणजे बारा-बारा तास! हे आठ आणि तीन कुठलं गणित? कोणाला न विचारता मी सकाळी नऊ आणि रात्री नऊ असं वेळापत्रक करून टाकलं. (हो, कोणाला न विचारता. आता सोडा.)

दहाएक दिवसांत डोकं थांबलं. किती खूश होते मी! नणंदेला फोन करून सांगितलं, डॉक्टरांना जे जमलं नाही ते मी केलं.

मग एका सकाळी भाजीची पिशवी घेऊन दुसऱ्या मजल्यापर्यंत आले आणि छातीवर कोणीतरी पाटा ठेवल्यासारखं झालं. एरवी तिसऱ्या मजल्याच्या घरापर्यंत विनातक्रार जायचे. पायरीवर बसले, जिभेखालची गोळी ठेवली. एरवी दोन-तीन मिनिटांत उतरणारी कळ उतरेना. दहा मिनिटं झाली. शेजारची मुलगी खाली बसून माझा हात चोळत होती आणि मी मनात म्हणत होते, नऊची गोळी तर घेतलीय, मग हे काय? तिनेच रिक्षा बोलावली. ईसीजी झाला, रक्त तपासलं. झटका नव्हता.

डॉक्टरांनी विचारलं, "डोकं अजून दुखतं का?"

"छे, अगदी थांबलं," मी ऐटीत म्हणाले.

"गोळी कधी घेता?"

मी वेळा सांगितल्या. ते काही न बोलता माझ्याकडे पाहत राहिले. शाळेत मी असंच पाहायचे.

नायट्रेट सतत अंगात राहिलं की रक्तवाहिनीची भिंत त्याला दाद देईनाशी होते. जिभेखालची गोळीही त्याच घराण्यातली, म्हणून तिचाही उपयोग कमी होतो. रोज दहा-बारा तास औषध ओसरलं तर भिंत पुन्हा दाद देऊ लागते. घरी येऊन मी वहीत मांडलं. हे औषध पाच तासांत साधारण निम्मं होतं. आठ-तीनच्या वेळापत्रकात पहाटे दोनला अंगात साधारण 6 मिलिग्रॅम उरतं आणि पुढे सकाळपर्यंत घटत जातं. माझ्या नऊ-नऊमध्ये त्याच वेळी 12. म्हणजे रात्रीची सुट्टीच मी खाऊन टाकली होती. दिवसाला एकदाच घ्यायची, हळूहळू विरघळणारी गोळी सकाळीच देतात तीही याचसाठी.

डायनामाइटच्या कारखान्यातल्या कामगारांना सोमवारी डोकेदुखी व्हायची, आठवडाभर नायट्रोग्लिसरीनमध्ये, म्हणजे याच घराण्यातल्या नायट्रेटमध्ये, राहून ती थांबायची आणि रविवारच्या सुट्टीनंतर पुन्हा सुरू व्हायची. डॉक्टरांनी हे सांगितलं तेव्हा माझं "थांबलेलं" डोकं मला वेगळंच दिसायला लागलं. पण डोकं थांबलं म्हणजे गोळीचा उपयोग संपला, असा नियमही करू नका. पुष्कळांचं डोकं सरावाने थांबतं आणि गोळी छातीवर नीट काम करत राहते. माझं मात्र दोन्ही एकदम गेलं. आठ-तीनवर परतले आणि चौथ्या दिवशी ठणका आला. जिना चढतानाचा दाब जायला आठवडा लागला.

पण तो सगळा दोष वेळांचाच होता का? त्या आठवड्यात थंडीही पडली होती आणि पिशवी जड होती. मी स्वतःला अजून पुरतं पटवलेलं नाही.

आणि रात्री? रात्रीच्या रिकाम्या तासांसाठी मला बीटा ब्लॉकर, म्हणजे हृदयाचे ठोके संथ ठेवणारं औषध, आहे. नणंदेला पहाटेच कळ येते, म्हणून तिच्या डॉक्टरांनी सुट्टी दिवसा ठेवली आहे. माझ्या वेळा तिच्या नाहीत, तुमच्याही नसतील. मला विचारून बदलू नका.

सकाळी साडेसातला दूध आणायला मी अजूनही खाली जात नाही. आठची गोळी घेते, अर्धा-पाऊण तास थांबते आणि मग जाते. शेजारीण म्हणते, दूध तोवर संपतं. संपतं कधी कधी.