पालक रोज खाऊनही फेरिटिन 7

मी डायटिशियन आहे, आणि मागच्या वर्षीची एक पेशंट अजून डोक्यातून जात नाही. वय 34, पूर्ण शाकाहारी, हिमोग्लोबिन 9.6, आणि शरीरातला लोहाचा साठा दाखवणारं फेरिटिन फक्त 7. दोन महिने लोहाची गोळी चालू होती तरी आकडा जागचा हलला नव्हता. रक्तस्राव, सेलिअॅक वगैरे डॉक्टरांनी आधीच तपासून बघितलं होतं.

तिच्या खाण्याचा हिशोब केला तर दिवसाला साधारण 18 मिलिग्रॅम लोह निघालं, म्हणजे कागदावर सगळं ठीक. ती चिडूनच म्हणाली, "मॅडम, माझी बहीण मटण खाते, तिला माझ्यापेक्षा कमी लोह मिळत असेल, पण तिचा रिपोर्ट चांगला! लोह ते लोहच ना?"

लोह तेच, पण येतं वेगळ्या वेष्टनात. मटणातलं बरंचसं लोह हीम नावाच्या रेणूच्या रिंगमध्ये बसलेलं असतं, आणि आतड्याच्या पेशी ती रिंग अख्खीच आत घेतात, लोह सुटतं ते पेशीच्या आत गेल्यावर. त्यामुळे बाहेर त्याला कोणी फारसं अडवू शकत नाही. पालक-डाळीतलं लोह मात्र उघडं असतं आणि बहुतेक फेरिक रूपात. पोटातल्या आम्लात ते विरघळतं, पण पुढे लहान आतड्यात आम्ल कमी झालं की त्याचा साका व्हायला लागतो, शिवाय पेशीत शिरायच्या आधी त्याचं फेरस, म्हणजे लोहाचं दुसरं रूप, व्हावं लागतं, आणि ह्याच वाटेवर धान्य-डाळीतलं फायटेट आणि चहातले पॉलिफेनॉल त्याला धरून बसतात. म्हणून हीम लोह साधारण 15 ते 35 टक्के शोषलं जातं आणि हे 2 ते 20 टक्केच. तिचे 18 मिलिग्रॅम 5 टक्क्यांनी धरले तर 0.9, आणि पाळी येणाऱ्या बाईला रोजचं नुकसान भरायला साधारण दीड लागतं. कसं पुरणार?

मग मी विचारलं गोळी कधी घेता. "नाश्त्यानंतर, चहासोबत." मी पेन खालीच ठेवलं. गोळीतलं लोहही हीम नाहीच हो! म्हणजे तेही चहात अडकत होतं, आणि दोन्ही जेवणांनंतर लगेच चहा होताच.

पालक सोडायला मी सांगितलं नाही. चहा जेवणापासून दीड तास लांब नेला, जेवणात लिंबू पिळायला सांगितलं (सी जीवनसत्त्व फेरिकचं फेरस करतं आणि त्याला विरघळलेलं ठेवतं, पण ते त्याच जेवणात हवं, रात्री घेतलेलं दुपारच्या डाळीला कामाचं नाही), डाळी भिजवून मोड आणायला सांगितल्या, त्याने फायटेट थोडं उतरतं. गोळी डॉक्टरांना विचारून सकाळी 11 ला, रिकाम्या पोटी, पाण्यासोबत.

सहा आठवड्यांनी हिमोग्लोबिन 11.2, फेरिटिन 18. ह्यातलं जास्त श्रेय गोळीच्या वेळेचं, जेवणातल्या बदलाचं कमी, हे मी तिला स्पष्ट सांगितलं, कारण फक्त लिंबाने इतक्या लवकर एवढं वाढत नाही. तिने मोबाईलमध्ये रिपोर्टचा फोटो काढला आणि पहिला बहिणीला पाठवला.