किनाऱ्यावरच्या एसी-तक्रारींचा पॅरेटो चार्ट

रत्नागिरीच्या आमच्या एसी सर्व्हिस टीमने उन्हाळ्यातल्या १६० तक्रारींचा पॅरेटो चार्ट, म्हणजे उतरत्या क्रमाचे खांब आणि त्यांच्या बेरजेच्या टक्क्यांची चढती रेषा, मांडला, तेव्हा पहिला खांब एवढा उंच आला की बाकीचे नावापुरतेच उरले. त्या खांबाखाली लिहिलं होतं ‘थंड होत नाही’. ग्राहक फोनवर हेच सांगणार. पण फिल्टर चोक असो की गॅस गेलेला, त्याला दिसतं एवढंच. अशा चार्टवरून कामाला कुठे हात घालायचा ते ठरत नाही.

म्हणून सगळी जॉबकार्डं पुन्हा काढली आणि प्रत्यक्ष काय बिघडलं होतं, त्यावरून वर्गवारी केली. बऱ्याच कार्डांवर नुसतं ‘गॅस भरला’ असं होतं. गॅस वापरून संपत नाही. तो गेला तर कुठूनतरी गळतोय. विचारल्यावर टेक्निशियन म्हणाला, “दादा, कंडेन्सरच्या यू-बेंडला तेलाचा डाग होता, पत्र्यांची पांढरी भुकटी झालेली.” म्हणजे खाऱ्या हवेने कॉइल खाल्लेली. गॅसबरोबर कंप्रेसरचं तेलही झिरपतं, त्याचाच तो डाग.

नवी मोजणी अशी आली: कॉइल गंजून गळती ५६, फिल्टर चोक ४०, पीसीबी २४, ड्रेन पाइप १६, कपॅसिटर ८, इतर १६. ‘इतर’ कपॅसिटरपेक्षा मोठा असला तरी शेवटीच ठेवायचा, कारण ते एक कारण नाही. एक्सेलच्या बी कॉलममध्ये आकडे याच क्रमाने भरून सी२ मध्ये हे लिहिलं आणि खाली ओढलं:

```
=SUM(B$2:B2)/SUM(B$2:B$7)
```

बेरजेचे टक्के आले ३५, ६०, ७५, ८५, ९०, १००. रेषा उजव्या अक्षावर घेतली. इथे एक्सेल घोळ घालतं: डावा अक्ष आपोआप ६०वर थांबतो, उजवा कधी १२० टक्क्यांपर्यंत जातो. डावा ०–१६० आणि उजवा ०–१०० टक्के असा हाताने बांधला, की रेषेचा पहिला बिंदू बरोबर पहिल्या खांबाच्या माथ्यावर बसतो. तो तिथे नसेल तर अक्ष जुळलेले नाहीत, हे लगेच कळतं.

तरीही हा चार्ट अपुरा वाटत होता. फिल्टर धुवायला अर्धा तास लागतो, गळतीला तीन. म्हणून दर कामाला लागणारे तास धरून दुसरा चार्ट काढला. एकूण २७२ तासांपैकी १६८ गळतीचे आणि ४८ पीसीबीचे. दोन्ही मिळून जवळजवळ ७९ टक्के. संख्येत दुसरा असलेला फिल्टर इथे २० तासांवर, तिसरा.

त्यावरून समुद्रासमोरच्या आउटडोअर युनिटांची वेगळी यादी केली. तिथल्या प्रत्येक भेटीत मेन स्विच बंद करून कंडेन्सर गोड्या पाण्याने हलक्या धारेखाली धुवायचा, यू-बेंड तपासायचे, आणि कार्डावर ‘गॅस भरला’सोबत गळतीची जागा लिहिल्याशिवाय काम बंद करायचं नाही, असं ठरलं.