काँक्रीटमधलं क्लोराइड आणि न टिकणारा लाल रंग

समुद्राकाठच्या इमारतींची सळई गंजते ती बहुतेकदा क्लोराइडमुळे. चांगलं काँक्रीट अल्कधर्मी असतं आणि त्यामुळे सळईवर एक पातळ संरक्षक थर टिकून राहतो. खाऱ्या वाऱ्याबरोबर आलेलं क्लोराइड झिरपत सळईपर्यंत पोचलं की हा थर जागोजागी फुटतो. म्हणून दुरुस्ती ठरवायच्या आधी इंजिनिअरला जाणून घ्यायचं असतं की क्लोराइड किती खोल गेलंय आणि किती प्रमाणात गेलंय. हे मोजायचं काम मी करते. कोकण किनाऱ्यावरच्या एका जुन्या इमारतीच्या कॉलमचे नमुने माझ्याकडे आले होते. हॅमर ड्रिलने भोक पाडताना निघालेली पूड तीन खोलींवर वेगवेगळी गोळा केलेली होती: पृष्ठभागापासून 20 मिमीपर्यंत, 20 ते 40 मिमी आणि 40 ते 60 मिमी. त्या कॉलममध्ये सळईवरचं कव्हर, म्हणजे सळईच्या बाहेरचा काँक्रीटचा थर, साधारण 40 मिमी, त्यामुळे खरी उत्सुकता तिसऱ्या पुडीची होती.

कॉलेजात क्लोराइड म्हटलं की मोहरची पद्धत शिकवतात. सिल्व्हर नायट्रेट सोडत जायचं आणि पोटॅशियम क्रोमेटमुळे विटकरी रंग आला की थांबायचं. पण तिला जवळपास उदासीन द्रावण लागतं आणि काँक्रीट विरघळवायला आम्ल लागतं. आम्लात क्रोमेटचं डायक्रोमेट होतं आणि दर्शक निकामी होतो. अल्कली घालून आम्ल मारायला जावं, तर सिमेंट आणि दगडातलं लोह व ॲल्युमिनियम हायड्रॉक्साइडच्या रूपात खाली बसतं आणि सगळं गढूळ होतं. त्यापेक्षा आम्लातच नीट चालणारी पद्धत घ्यावी हे सरळ. जर्मन रसायनशास्त्रज्ञ याकोब व्होलहार्ड यांनी 1874 मध्ये मांडलेली थायोसायनेटची पद्धत अगदी तशीच आहे. ती मुळात चांदी मोजण्यासाठी होती, क्लोराइड तिच्यातून वळसा घेऊन मोजलं जातं.

वळसा असा की क्लोराइडच्या द्रावणात मोजून, गरजेपेक्षा जास्त सिल्व्हर नायट्रेट घालायचं. क्लोराइड हवी तेवढी चांदी घेऊन सिल्व्हर क्लोराइडचा पांढरा साका बनवतं. उरलेली चांदी थायोसायनेटने मोजायची. भाजीवाल्याला नोट द्यावी आणि परत आलेल्या सुट्ट्यांवरून भाजी कितीची झाली ते काढावं, तसा हा हिशोब.

मी प्रत्येक पुडीतले 5 ग्रॅम घेतले. 50 मिली डिस्टिल्ड पाण्यात पूड ढवळून घेतली, कारण कोरड्या पुडीवर आम्ल ओतलं तर गुठळ्या होतात आणि आतली पूड कोरडीच राहते. मग 10 मिली तीव्र नायट्रिक आम्ल थोडं थोडं घातलं. या टप्प्यावर नाक उघडं ठेवायचं. सिमेंटमध्ये लोखंडाच्या भट्टीतला स्लॅग असेल तर सडक्या अंड्यासारखा वास येतो, म्हणजे सल्फाइड आहे. ते तसंच राहिलं तर चांदीबरोबर काळा सिल्व्हर सल्फाइड तयार होतो आणि ती चांदी क्लोराइडच्या खात्यात जमा होते. वास आलाच तर उकळण्याआधी हायड्रोजन पेरॉक्साइड घालून सल्फाइड नष्ट करावं लागतं. माझ्या नमुन्यांत वास नव्हता.

50 मिली गरम पाणी घालून उकळीच्या जवळ नेलं, पंधरा मिनिटं गरम ठेवलं, गाळलं आणि वरचा गाळ गरम पाण्याने धुऊन घेतला. ही उष्णता आणखी एका कारणासाठी उपयोगी पडते. नायट्रिक आम्लात नायट्रोजनची खालची ऑक्साइडं असतील तर तीही थायोसायनेटबरोबर लालसर रंग देतात आणि अंतिम बिंदू फसवा होतो. आम्ल स्वच्छ असावंच, आणि उकळल्याने उरलंसुरलं निघून जातं. त्यानंतर द्रावण पूर्ण गार होऊ द्यायचं. गरम द्रावणात लाल रंग फिका पडतो, त्यामुळे इथे घाई चालत नाही.

आता दर्शक. तो म्हणजे फेरिक अमोनियम सल्फेट, लॅबच्या भाषेत फेरिक अलम. त्याचं संपृक्त द्रावण नायट्रिक आम्ल घालून ठेवलेलं असतं आणि फ्लास्कमध्ये त्याचं साधारण 1 मिली पुरतं. ब्युरेटमधून थायोसायनेट पडतं तेव्हा थेंब पडतो त्या जागी लाल ढग उठतो आणि फ्लास्क हलवताच विरून जातो. त्या क्षणी लोह आणि चांदी या दोघांनाही थायोसायनेट हवं असतं, पण चांदीची पकड कितीतरी घट्ट, त्यामुळे लोहाने धरलेलं थायोसायनेट ती ओढून घेते आणि पांढरा सिल्व्हर थायोसायनेट खाली बसतो. मोकळी चांदी संपली की पुढच्या थेंबातलं थायोसायनेट ओढून घेणारं कुणी उरत नाही. ते लोहापाशी राहतं आणि अख्ख्या द्रावणावर फिकट लालसर तपकिरी झाक चढते. आम्ल इथेही हवंच. आम्ल कमी पडलं तर फेरिक लोह पाण्याशी अभिक्रिया करून स्वतःच तपकिरी होतं आणि झाक ओळखता येत नाही.

पहिली पुडी मी मुद्दाम दोन फ्लास्कमध्ये केली, 5-5 ग्रॅम घेऊन. दोन्हींत 0.1 नॉर्मल सिल्व्हर नायट्रेट 10 मिली घातलं. एका फ्लास्कमध्ये सरळ थायोसायनेट सोडायला सुरुवात केली. आमच्या नव्या ट्रेनीला त्यात काय होतं ते दाखवायचं होतं.

7 मिलीच्या थोडं पुढे झाक आली. फ्लास्क हलवला, झाक गेली. दोन थेंब टाकले, आली, पुन्हा गेली. ट्रेनी म्हणाली, "मॅडम, हलवूच नका ना, मग टिकेल."

"अगं, हलवलं नाही तर दुसरीच चूक होते," मी म्हटलं.

या पद्धतीचं सगळं मर्म मला तिथेच वाटतं. सिल्व्हर थायोसायनेटचा ताजा साका आपल्या पृष्ठभागावर थोडी चांदी धरून ठेवतो. नीट हलवलं नाही तर ती चांदी मोजलीच जात नाही आणि लाल रंग वेळेआधी दिसतो. म्हणून जोरात हलवणं भाग आहे. पण फ्लास्कमध्ये सिल्व्हर क्लोराइडही पडलेला असतो, आणि तो सिल्व्हर थायोसायनेटपेक्षा जास्त विद्राव्य आहे. विद्राव्यता गुणाकार पाहिले तर सिल्व्हर क्लोराइडचा सुमारे 1.8 × 10⁻¹⁰ आणि सिल्व्हर थायोसायनेटचा सुमारे 1 × 10⁻¹², म्हणजे जवळपास 180 पटींचा फरक. मोकळी चांदी संपली की थायोसायनेट सिल्व्हर क्लोराइडमधून चांदी खेचू लागतं आणि क्लोराइड परत द्रावणात येतं. लोहापाशी गेलेलं थायोसायनेट असं हळूहळू संपतं आणि लाल रंग उतरतो. जितकं हलवाल तितकं हे वेगाने होतं.

दोन्ही कारणांनी रंग जातो, पण जाण्याची तऱ्हा वेगळी असते. साक्याने धरलेली चांदी असेल तर जोरात हलवल्यावर झाक एकदम जाते आणि दोन-चार थेंबांत प्रश्न मिटतो. सिल्व्हर क्लोराइड विरघळत असेल तर झाक फ्लास्क ठेवून दिला तरी सावकाश उतरते आणि कितीही थेंब टाका, पुन्हा उतरतच राहते. त्या फ्लास्कमध्ये 7.55 मिलीवर मी ब्युरेट बंद केलं, तेव्हाही रंग उतरतच होता.

दुसऱ्या फ्लास्कमध्ये सिल्व्हर क्लोराइडला आधी बाजूला केलं. जुनी रीत नायट्रोबेंझीनची. पाण्यात न मिसळणारं ते तेलकट द्रव्य साक्याच्या कणांवर पसरतं, कण एकत्र येतात आणि थायोसायनेटला तिथे पोचता येत नाही. पण नायट्रोबेंझीन विषारी आहे आणि त्वचेतूनही शरीरात जातं, त्यामुळे मी ते वापरत नाही. त्याऐवजी 3,5,5-ट्रायमिथाइलहेक्झानॉल 3 मिली घालून, बूच लावून फ्लास्क जोरात हलवला. दुधाळ द्रावण निवळत गेलं आणि साक्याचे गोळे झाले. हे द्रव्य नसेल तर सिल्व्हर नायट्रेट घातल्यावर द्रावण उकळून साका घट्ट करावा, गाळावा, विरल नायट्रिक आम्लाने धुवावा आणि गाळलेलं द्रावण व धुवण सगळं मिळून टायट्रेट करावं. वेळ जास्त लागतो, पण उत्तर चांगलं येतं. धुण्यात हयगय केली तर मात्र साक्याला चिकटलेली चांदी गाळणकागदावरच राहते आणि क्लोराइड जास्त दिसतं.

मग दर्शक घालून थायोसायनेट सोडलं. आपल्याकडची खडी बहुधा बेसाल्टची, त्यातलं थोडं लोह आम्लात उतरतं आणि द्रावण मुळातच पिवळसर असतं. त्यामुळे शेजारी त्याच नमुन्याचं, थायोसायनेट न घातलेलं द्रावण पांढऱ्या टाइलवर ठेवून रंग ताडून पाहिला. 7.05 मिलीवर झाक आली, जोरात हलवल्यावरही टिकली आणि पाच मिनिटांनी पाहिलं तरी तिथेच होती.

नमुन्याशिवाय तेच पाणी, तेच आम्ल आणि तेच 10 मिली सिल्व्हर नायट्रेट घेऊन केलेल्या ब्लँकला 9.95 मिली थायोसायनेट लागलं होतं. म्हणजे क्लोराइडने घेतलेली चांदी 9.95 वजा 7.05, म्हणजे 2.90 मिलीची. 2.90 × 0.1 × 35.45 म्हणजे 10.28 मिलीग्रॅम क्लोराइड, 5 ग्रॅम काँक्रीटमध्ये 0.206 टक्के. काँक्रीटची घनता 2400 किलो धरली तर घनमीटरला 4.9 किलो. पहिल्या फ्लास्कचा आकडा खरा मानला असता तर फरक 2.40 मिलीचा आला असता आणि क्लोराइड 4.1 किलोवर उतरलं असतं. चूक नेहमी याच बाजूला जाते. थायोसायनेट जास्त खर्च होतं, उरलेली चांदी जास्त भासते आणि क्लोराइड कमी दिसतं. गंजाचा धोका तपासताना ही बाजू सर्वांत वाईट.

मधल्या थरात 1.40 मिलीचा फरक आला, म्हणजे घनमीटरला 2.4 किलो. तिसऱ्या थरासाठी मी द्रावणं बदलली. तिथे क्लोराइड कमी असणार हे दिसत होतं, आणि 0.1 नॉर्मल द्रावणात ब्युरेटची 0.1 मिलीची चूक म्हणजे घनमीटरला 0.17 किलो. पृष्ठभागाजवळ त्याने बिघडत नाही, सळईपाशी बिघडतं. म्हणून दोन्ही द्रावणं 0.02 नॉर्मलची केली आणि त्याच ताकदीचा ब्लँकही नव्याने केला. झाक थोडी फिकी येते, नजर जास्त रोखावी लागते, पण वाचन पाचपट मोठं होतं. फरक बरोबर 2.00 मिलीचा आला. 1.42 मिलीग्रॅम क्लोराइड, म्हणजे 0.028 टक्के, घनमीटरला 0.68 किलो.

काँक्रीटच्या भारतीय मानकात, IS 456:2000 मध्ये, सळई घातलेल्या नेहमीच्या काँक्रीटसाठी आम्लात विरघळणाऱ्या क्लोराइडची मर्यादा घनमीटरला 0.6 किलो आहे. ती काँक्रीट ओततानाची मर्यादा, जुन्या काँक्रीटचा निवाडा तिच्यावरून थेट होत नाही. म्हणून अहवालात मी मर्यादा आणि आकडे वेगवेगळ्या रकान्यांत दिले आणि हे क्लोराइड आम्लात विरघळणारं, म्हणजे सिमेंटने बांधून ठेवलेलंही धरून आहे, हे वर लिहिलं. इंजिनिअर साहेबांनी तीन आकडे पाहून 60 ते 80 मिमीची आणखी एक पुडी पाठवली, कारण उतरत जाणारी रेघ कुठे सपाट होते ते कळल्याशिवाय मुळातल्या क्लोराइडचा आणि बाहेरून आलेल्याचा हिशोब वेगळा करता येत नव्हता.