नारळाच्या वडीतली साखर पंचवीस टक्के कमी केली, वडी तरी पडली पाहिजे ना!

आमच्याकडे आधी श्रीखंडातली साखर कमी झाली आणि त्यात काहीच बिघडलं नाही, उलट घट्ट झालं, कारण साखर चक्क्यातलं पाणी ओढून घेते आणि श्रीखंड सैल होतं, साखर कमी म्हणजे सैलपणा कमी, थोडं आंबट लागतं एवढंच. त्यामुळे सगळ्यांना वाटलं की आता नारळाच्या वड्यांतही तसंच करायचं, त्यात काय मोठंसं. सासूबाईंनी मात्र लगेच अडवलं, "अगं, साखर काढलीस तर थापणार काय, नुसता कीस?" आणि त्यांचं म्हणणं अगदी बरोबर आहे, फक्त किती काढली की कीस होतो आणि किती काढली तर चालतं हे कोणी सांगत नव्हतं.

इंदूरमध्ये राखीच्या सुमाराला घरोघरी ह्या वड्या होतातच, आमच्या सुदामानगरात तर प्रत्येक मराठी घरातून डबा इकडून तिकडे जातो. आमच्याकडे सासरे शुगरवाले, मला स्वतःलाही तो दाताला कळ आणणारा गोडपणा नको असतो, म्हणून मी ठरवलं की अंदाजाने न करता वजनावर करून बघू.

पहिली गोष्ट म्हणजे वाटी बाजूला ठेवा. आपल्या रेसिपीत "दोन वाट्या खोबरं, एक वाटी साखर" असतं आणि ऐकायला साखर निम्मी वाटते, पण ओल्या नारळाचा चव हलका असतो आणि साखर जड. वजन केलं तर न दाबलेल्या दोन वाट्या खोबऱ्यापेक्षा एक वाटी साखर जास्त भरते. वाटी कोणी दाबून भरतं, कोणी शीग लावून, मग टक्के कशाचे काढणार? मी खोबरं नेहमीसारखं दाबून मोजलं आणि मग किचन स्केलवर ठेवलं, तर आमच्या घरची पद्धत निघाली ३०० ग्रॅम खोबरं, ३०० ग्रॅम साखर, १२० ग्रॅम दूध. शिजून उतरल्यावर ताटात भरतं साधारण ५३० ग्रॅम. म्हणजे वडी अर्ध्याहून जास्त साखरच आहे, खोबऱ्याची वडी कसली, साखरेची वडी खोबरं लावून.

आता साखर तिथे नेमकं काय करते ते बघा. साखर दुधात आणि खोबऱ्याच्या पाण्यात विरघळते, पाणी आटत जातं तसा पाक दाट होतो, आणि गॅस बंद करून घोटलं, गार झालं की त्याच पाकातून साखर परत बारीक कणांत बाहेर येते. हे कण खोबऱ्याच्या किसाला एकमेकांत पकडून ठेवतात, म्हणून वडी कापता येते. म्हणजे गोडपणा हे तिचं एक काम, बांधून ठेवणं हे दुसरं, आणि तिसरं म्हणजे ताटातली जागा भरणं. तुम्ही साखर काढता तेव्हा तिन्ही कामं एकदम काढता.

मी आधी मुद्दाम निम्मी करून बघितली, ३०० च्या जागी १५०, बाकी सगळं तेच. पाक इतका कमी की किसाला पुरतच नाही. कढईत गोळा होतो, ताटात थापताही येतो, पण गार झाल्यावर सुरी लावली की कडेपासून सुटायला लागतं. मग वाटतं अजून थोडं परतू म्हणजे घट्ट होईल, पण तसं होत नाही. जास्त परतलं की खोबरं कोरडं पडतं, तेल सोडतं, कडेला तुपकट चमक दिसते, आणि तेल सुटलेलं खोबरं तर अजिबातच बांधलं जात नाही. त्या मिश्रणाचे लाडू वळले, छान झाले, पण वडी नाही. चाळीस टक्क्यांच्या पुढे जायचं असेल तर सरळ लाडूच करा असं माझं मत आहे, नाहीतर भरपूर मावा घालून फ्रिजमध्ये सेट करा, पण ती मग बर्फी झाली, आपली खुटखुटीत वडी नव्हे.

पंचवीस टक्के म्हणजे ३०० चे २२५. नुसती एवढी काढली तर वडी पडते पण कोपरे गळतात आणि डब्यात तळाशी चुरा जमतो. गेलेल्या ७५ ग्रॅमची भर कशाने तरी करावीच लागते, मी ६० ग्रॅम मिल्क पावडर घेतली. मावाही चालतो, पण आमच्याकडे मावा कधी ओलसर मिळतो कधी कोरडा, दर वेळी पाण्याचा हिशोब बदलतो, म्हणून पावडर सोपी. फक्त पाकीट उलटून बघा, डेअरी व्हाइटनर म्हणून जे मिळतं त्यात बरेचदा साखर आधीच घातलेली असते, मग एका हाताने काढली आणि दुसऱ्या हाताने घातली असं होतं. पावडर कोमट दुधात नीट कालवून घ्यायची, कोरडी टाकली तर गुठळ्या होतात आणि त्या वडीत पांढऱ्या ठिपक्यांसारख्या दिसतात.

खोबरं खवल्यावर मिक्सरला दोनदा फक्त थांबून थांबून फिरवायचं. किस बारीक झाला की एकमेकांना चिकटून बसतो, मधे भोकं कमी राहतात, कमी पाकात भागतं. सलग फिरवलं तर मात्र दूध सुटतं आणि चटणी होते.

आता खरी गोम. आपल्याला सगळ्यांना शिकवलेलं असतं की मिश्रण कढई सोडायला लागलं, कडेला पांढरं दिसायला लागलं की उतरवायचं. ही खूण भरपूर साखरेच्या वडीची आहे. मिल्क पावडर घातली की ती लवकर दाट होते, त्यामुळे गोळा कढई आधीच सोडतो, आत पाणी असतं तरी! तेव्हाच उतरवलं तर वडी दिसते छान, पण दुसऱ्या दिवशीही मऊच, हलव्यासारखी, सुरीला चिकटते. आणि कडेची पांढरी साखर तर साखर कमी असल्यामुळे उशिरा दिसते किंवा दिसतच नाही, तिची वाट बघत बसलं तर तेल सुटतं. म्हणजे एक खूण लवकर येते, दुसरी उशिरा, विश्वास कोणावर ठेवायचा?

म्हणून मी उतरवण्याची वेळही वजनावरच ठरवली. रिकामी कढई आधी मोजून ठेवली, १ किलो १४० ग्रॅम. सगळं मिळून कढईत जातं साधारण ६९० ग्रॅम (२२५ मधली १५ ग्रॅम साखर मी बाजूला ठेवते, ती कशासाठी ते पुढे सांगते). आटून मिश्रण ५०० च्या आसपास आलं पाहिजे, म्हणजे कढईसकट १ किलो ६४० दाखवलं की बास. स्केलवर पोळपाट ठेवून त्याला शून्य करायचं आणि त्यावर गरम कढई, नाहीतर स्केल वितळेल. मधे एकदोनदा मोजलं की किती आटायचं राहिलंय ते कळतं, गॅस पहिल्यापासून मध्यमच्या खाली. सासूबाई बघून म्हणाल्या, "काय गं, सोनं मोजतेस का सराफ्यात?" पण पुढच्या खेपेला त्यांनीच स्केल काढून ठेवला.

स्केल नसेल तर ताटलीची टेस्ट. स्टीलच्या ताटलीवर अर्धा चमचा मिश्रण टाकून पसरायचं आणि दोन-तीन मिनिटं थांबायचं, घाई नाही करायची. वरून अजून चकाकतंय आणि बोटाला चिकटतंय तर पाणी आहे. वरचा भाग मॅट झाला, नखाने उचललं तर एकसंध उचललं जातंय आणि वाकवलं तर तुटतंय, तर झालं.

गॅस बंद केल्यावर लगेच थापायचं नाही. साखर कमी असली की कण आपोआप पटकन धरत नाहीत, त्यांना सुरुवात करून द्यावी लागते. इथे ती बाजूला ठेवलेली १५ ग्रॅम साखर येते, घरीच मिक्सरला बारीक केलेली. मिश्रण जरा निवलं, वाफ कमी झाली की ही पिठीसाखर भुरभुरायची आणि कढईतच घोटायचं, चांगलं हात दुखेपर्यंत. फार गरम असताना टाकली तर विरघळून जाते आणि काही उपयोग नाही. विरघळली नाही तर तेच बारीक कण बाकीच्या साखरेला जमायला जागा देतात. घोटता घोटता चमक जाते, मिश्रण एकदम जड लागायला लागतं, तेव्हा तूप लावलेल्या ताटात थापायचं आणि वाटीच्या बुडाने दाबून दाबून बसवायचं. कमी साखरेच्या वडीला हे दाबणं जास्त लागतं.

आमच्या आत्यांनी विचारलं की आंब्याचा रस घालून चालेल का. रसात पाणी येतं, आंबटपणा येतो आणि त्यातली फळाची साखर कण धरूच देत नाही, पूर्ण साखरेच्या वडीत खपून जातं, इथे नाही. गुळाचंही तसंच, वडी मऊ राहते, आणि गूळ म्हणजे साखर नाही असं कोणी समजू नये.

चवीला? वेलची नेहमीइतकीच, मीठ अगदी कणभर. पहिल्या दिवशी "फिकी आहे" असं एकजण म्हणालं, बाकीच्यांना कळलंच नाही. टिकायला मात्र फरक पडतो, पूर्ण साखरेची वडी बाहेर डब्यात आठवडाभर राहते, ही श्रावणातल्या दमट हवेत मी दोन दिवसांच्या वर बाहेर ठेवत नाही, फ्रिजमध्ये ठेवते आणि खायच्या अर्धा तास आधी काढते, गार वडी जास्तच फिकी लागते.

आता सासऱ्यांसाठीचा हिशोब, कारण तो कोणी करत नाही. २५ वड्या पाडल्या तर आधी एका वडीत १२ ग्रॅम साखर होती, आता ९. पण मिल्क पावडरमध्येही दुधाची साखर असते, फुल क्रीम पावडरीत एक तृतीयांशापेक्षा थोडी जास्त, म्हणजे ६० ग्रॅममधून २३ ग्रॅमच्या आसपास परत आली. ती गोड फारशी लागत नाही पण शुगरला मोजली जाते. म्हणजे वडीमागे ९ नाही, १० धरा. बाबांना हे सांगितल्यावर त्यांचा चेहरा पडला, मग मी त्याच ताटात पाच बाय पाचच्या ऐवजी सहा बाय सहा रेघा मारल्या, ३६ वड्या, आणि प्रत्येकीत घातलेली साखर आणि पावडरीतली साखर धरून ७ ग्रॅमच्या आत. एवढ्या लहान कापायच्या तर मिश्रण कोमट असतानाच पातळ सुरीने खूण करायची आणि पूर्ण गार झाल्यावर त्याच रेघेवरून कापायचं, नाहीतर कोपरे सुटतात. बाबा आता विचारतात दोन घेतल्या तर चालतील का, त्याला माझ्याकडे टक्केवारी नाही.