शॉर्ट सेलिंगची वही: अपर सर्किटला अडकलेला शॉर्ट, हिशोबासकट

मंडळी, मागच्या वेळी म्हटलं होतं की आता शॉर्टिंगचं, म्हणजे हातात नसलेला शेअर आधी विकून नंतर घेण्याचं, बघू. बघतोय. अजून माझे स्वतःचे शॉर्ट सगळे कागदावरच आहेत, एक्सेल शीट आणि सकाळची ठाणे-वाशी लोकल एवढंच भांडवल, पण आमच्या ऐरोलीच्या ग्रुपातल्या एका दादाचा खराखुरा हिशोब हाती लागलाय आणि तो इतका शिकवणारा आहे की ही पूर्ण नोंद त्यावरच. (शेअरचं नाव नको, आकडे सोयीसाठी गोल केलेत.)

आधी थोडक्यात, हा प्रकार आहेच कशाला. ग्रुपात दर वेळी कोणीतरी म्हणतं की शॉर्टवाले म्हणजे दुसऱ्याच्या पडझडीवर पोळी भाजणारे. मला नाही पटत. एखादा शेअर फुगलाय असं ज्याला वाटतं आणि ज्याच्याकडे तो शेअरच नाही, त्याचं मत भावात उतरायचं कसं? एनरॉनचं घ्या. जिम चॅनॉस या अमेरिकन फंडवाल्याने 2000 च्या नोव्हेंबरपासून तो शेअर शॉर्ट केला, कारण ताळेबंद वाचून त्याला दिसलं की पुढच्या अनेक वर्षांचा अंदाजी नफा आजच नफा म्हणून दाखवला जातोय आणि वरचे अधिकारी स्वतःचे शेअर विकतायत. तेव्हा भाव 80 डॉलरच्या आसपास होता, डिसेंबर 2001 मध्ये कंपनी दिवाळखोरीत गेली. इतकी खोदाखोद माणूस फुकट करत नाही, पडण्यातून पैसे मिळणार असतील तरच करतो.

आता करतात कसं. मूळ पद्धत अशी की शेअर उसना घ्यायचा, विकायचा, खाली आला की विकत घेऊन परत करायचा, मधला फरक आपला. आपल्याकडे कॅश मार्केटमध्ये तुमच्या-माझ्यासारखा माणूस उसनं न घेता शॉर्ट करतो ते फक्त इंट्राडे, म्हणजे सकाळी विकलं तर त्याच दिवशी घेऊन टाकायचं. रात्रभर ठेवायचं तर फ्युचर्स, म्हणजे पुढच्या तारखेचा आज ठरलेल्या भावाचा करार, नाहीतर एसएलबी म्हणजे एक्सचेंजमार्फत शेअर उसने घेणं. एसएलबी 2008 पासून आहे पण मोजके शेअर सोडले तर तिथे सन्नाटाच असतो.

आता दादाचा सौदा. आदल्या दिवशीचा बंद भाव 200, सर्किट 10 टक्के, म्हणजे त्या दिवशी वरची हद्द 220. सकाळी उसळून 205 ला आला, दादाला वाटलं दमला, 100 शेअर शॉर्ट. सौदा 20,500 चा, त्यावर 20 टक्के मार्जिन म्हणजे 4,100 अडकले. स्टॉपलॉस 212 ला लावलेला, लिमिट 213, म्हणजे भाव 212 ला गेला की खरेदीची ऑर्डर आपोआप निघणार, पण 213 च्या वर घेणार नाही. इथपर्यंत सगळं पुस्तकाप्रमाणे.

दुपारी कंपनीची कसलीतरी ऑर्डर मिळाल्याची बातमी आली आणि भाव 211 वरून थेट 216 ला गेला. स्टॉपलॉस ट्रिगर झाला, पण 213 ला विकणारा कोणीच नाही म्हणून ऑर्डर नुसती पेंडिंग. लिमिट बदलेपर्यंत 220. मार्केट डेप्थचा स्क्रीनशॉट दादाने पाठवला होता तो झूम करून बघण्यासारखा आहे: डावीकडे खरेदीवाल्यांची 220 ला लाखभर शेअरची रांग, उजवीकडे विक्रीच्या पाचही ओळींत शून्य. दादाची खरेदीची ऑर्डर त्याच रांगेत शेवटी. साधारण सव्वातीनच्या सुमाराला ब्रोकरची सिस्टीम स्वतःहून पोझिशन कापते ना, तीही याच रांगेत जाऊन उभी राहिली, तिलाही विकणारा लागतोच की.

बाजार बंद झाला आणि इंट्राडेचा सौदा आपोआप डिलिव्हरीची विक्री झाला. म्हणजे समोरच्याला दुसऱ्या दिवशी, टी प्लस वनला, 100 शेअर द्यायचेत आणि डिमॅटमध्ये एकही नाही. इथे ग्रुपातल्या बऱ्याच जणांनी विचारलं की मग सकाळी उठून विकत घ्यायचे की. नाही चालत! दुसऱ्या दिवशी घेतलेले शेअर तिसऱ्या दिवशी येतात, तोवर देण्याची वेळ टळून गेलेली असते.

मग एक्सचेंज लिलाव लावतं, ज्याला आपण ऑक्शन म्हणतो, ज्यांच्याकडे शेअर आहेत ते तिथे विकायला येतात आणि त्यांचा भाव आपल्या माथी. पण दुसऱ्या दिवशीही हा शेअर उघडताच 242 ला लॉक, ऑक्शनला कोणी फिरकलंच नाही. अशा वेळी क्लोज-आउट होतं: सौद्याच्या दिवसापासून ऑक्शनच्या दिवसापर्यंतचा सर्वांत वरचा भाव, किंवा ऑक्शनच्या दिवसाच्या बंद भावावर 20 टक्के, यातलं जे जास्त असेल ते शेअर न मिळालेल्याला रोख द्यायचं. इथे 242 आणि 290.40, म्हणजे 290.40.

विकले 205 ला, भरायचे 290.40 ने. शेअरमागे 85.40, शंभरचे 8,540, वर चार्जेस वेगळे. अडकवलेल्या मार्जिनच्या दुप्पट, दोन दिवसांत, आणि भाव खरा चढला तो फक्त 242 पर्यंत.

आता तो "अमर्याद तोटा" म्हणतात तो. 205 ला विकलं तर कंपनी बुडून शून्यावर आली तरी कमाई जास्तीत जास्त 205. वर मात्र छप्पर नाही, कारण परत घ्यायचा भाव तेव्हाचा बाजार ठरवणार आणि बाजाराला कमाल भाव माहीत नाही. सर्किट बघून लोकांना वाटतं की रोज 10 टक्केच ना, हद्द आहे की. ती हद्द भाव एका दिवसात किती धावेल याची आहे, तुमच्या तोट्याची नाही. उलट तिच्यामुळेच बाहेर पडायचं दार बंद होतं.

आणखी एक गोष्ट मला शीट बनवतानाच नीट कळली. विकत घेतलेला शेअर पडला की तो पोर्टफोलिओत लहान होत जातो, पुढचे 10 टक्के कमी लागतात. शॉर्ट उलटला की तो मोठा होतो: 205 ला 10 टक्के म्हणजे 20.50, पण 410 ला गेल्यावर त्याच शेअरमागे 10 टक्क्यांचे 41 जातात. त्यात बाहेर पडायचं म्हणजे खरेदीच करायची, आणि अडकलेले सगळे एकदम खरेदीला धावले की भाव त्यांच्याच हातांनी चढतो.

याचं टोक म्हणजे फोक्सवॅगन, ऑक्टोबर 2008. शुक्रवारी भाव 210 युरोच्या आसपास. रविवारी पोर्शने जाहीर केलं की आमच्याकडे 42.6 टक्के शेअर आणि वर 31.5 टक्क्यांचे ऑप्शन आहेत. लोअर सॅक्सनी राज्याकडे 20 टक्के आधीच. उरले जेमतेम 6 टक्के, आणि शॉर्ट केलेले शेअर त्याच्या जवळपास दुप्पट. मंगळवारी भाव 1,000 युरोच्या वर. 210 ला शॉर्ट असलेल्याची कमाल कमाई 210, तोटा शेअरमागे 790. पोर्शने ऑप्शनचा थोडा भाग मोकळा करायचं जाहीर केल्यावर भाव उतरला, म्हणजे सुटका कधी होणार हेही समोरच्याच्या मर्जीवर.

यावरून कागदी शॉर्टसाठी मी गाळणी बदललीये. आधी सर्किट किती लांब आहे ते बघतो, मग डेप्थमध्ये विक्रीच्या बाजूला माल किती आहे ते, आणि तो सरसर आटताना दिसला तर स्टॉपलॉसची वाट न बघता बाहेर. सध्या फक्त एफ अँड ओमधले, म्हणजे ज्यांचे फ्युचर्स-ऑप्शन चालतात तेच शेअर घेतोय, कारण त्यांना असं पक्कं सर्किट नसतं, प्राइस बँड सरकत जातो, त्यामुळे महाग का होईना विकणारा मिळण्याची शक्यता बरीच जास्त. रात्रीच्या बातमीने सकाळी गॅपने वर उघडला तर तिथेही स्टॉपलॉस कामाचा नाही, म्हणून फ्युचर शॉर्टसोबत वरचा कॉल, म्हणजे ठरलेल्या वरच्या भावाला खरेदी करायचा हक्क, घेऊन ठेवला तर तोटा कुठे थांबतो आणि प्रीमियममध्ये किती जातं, याची शीट आता चालू केलीये. ठाणे-बेलापूर पट्ट्यात कोणी एसएलबीतून खरंच शेअर उसने घेतले असतील तर फी किती लागली ते सांगा रे, तो कॉलम रिकामाच आहे.